हट्ट्यात जित्ता, रामपायलीत मेला

मले कोनी खरं मानलं नाही भाऊ, एकानंही नाही — अन् आता तुम्ही कागद-पेन घेऊन आले का दुर्गाबाई, खरं काय ते सांगा! दीड वर्ष घसा फोडून सांगून राह्यली होती, तवा कोठी गेलते सारे? बसा. नाही नाही, त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा खिळा निंघला हाये — घ्या, अडकलंच ना! फाटली ना बाही, बटनही गेलं. आता काढा तो शर्ट. काढा म्हनते ना. बनियनवर बसाले लाज कायची, म्या बालाघाटच्या अर्ध्या मानसाइचं माप घेतलं हाये, तुमच्यात काय नवीन असनार? द्या इकडे. पाच मिनिटांचं काम हाये — बरं, दहा मिनिटांचं. तवरक तुमचा शर्ट माह्या हातात, म्हंजे तुम्ही कोठी जात नाही, अन् कोनीतरी माह्यं पूरं आयकते. पयल्यांदा.

तुम्ही धर्मेंद्रभाऊ, वारासिवनीच्या राइसमिलवाल्याचे भाचे — वळखते म्या. तुमच्या मामाच्या जोरावर शालिकराम आठ सिनेमे काढनार होता, सात झाले, आठवा अडला. मामा म्हनले, गोंधळ कोनाचा ते शोध, एक नाव लिहून आन, त्या एकाले काढतो अन् आठवा चालू करतो. हौ का नाही? मान हालवा, तोंडानं बोलले तरी मशीनच्या आवाजात मले आयकू येत नाही. एकच नाव पायजे, म्हंजे बाकीचे वाचले. हुशार हायेत तुमचे मामा. धान असंच निवडतात, एक खडा काढला का पोतं साफ. पन हे पोतं नाही जी, हे कापड हाये — एक धागा ओढला का कोठवर उसवत जाईल याचा भरवसा नाही.

गोंधळ काय झाला, ते तर मालूमच असन तुमाले. यंदा हट्ट्याची मंडई अन् रामपायलीची मंडई एकाच दिवशी आली. मंडई म्हंजे दिवाळीनंतरची गावजत्रा, ज्या दिवशी ठरली त्या दिवशी, ती कोनासाठी सरकत नाही. अन् शालिकरामचा नेम असा का नवीन सिनेमा पयले मंडईत, तंबूत, पडद्यावर दाखवाचा, अन् मंग मोबाइलवर टाकाचा. तयार होते दोन, सहावा अन् सातवा. हट्टेवाले म्हनले आमाले सहावा, आमच्या बावडीवाल्याचा, आमच्या पायऱ्याच्या विहिरीच्या वीराचा हाये. रामपायलीवाले म्हनले आमाले सातवा, त्यात आमची वावरं दिसतात, अमक्याचा बैल दिसते, तमक्याची बायको धान निंदताना दिसते. शालिकराम म्हनला, बरं, आठ दिवसांनं बदली करू, सहावा तिकडे अन् सातवा इकडे, काय फरक पडते, माहा हरेक सिनेमा एकटा उभा राहू शकते! झालं. हट्ट्यात सहाव्यात बावडीवाला वाचला — लोकांनं नारळ फोडला, शिट्ट्या, ढोल. अन् त्याच घडीले रामपायलीत सातव्यात त्याची शाल खुंटीले टांगलेली, त्याच्या जोडीची तांबाबाई रडून राह्यली, जोडीदार धानराजा वावराच्या बांधावर बसून म्हनते का बावडीवाला गेला. रामपायलीत एका म्हातारीनं त्याच्या नावानं दिवा लावला हो! मंग दुसऱ्या दिवशी बजारात हट्टेवाला भेटला रामपायलीवाल्याले. हा म्हनते वाचला, तो म्हनते मेला. हा म्हनते म्या डोयानं पायला, तो म्हनते म्यायी डोयानं पायला. कॉलर धरली. एक सोयरीक मोडता मोडता राह्यली. हासू नोका, हौ, हासा, मलेही हासू येते — पन मांगून.

कसं ठरलं होतं ते आधी समजून घ्या, तवा कोठी फाटलं ते दिसन. शालिकराम पयले कॅसेटचं दुकान चालवाचा, म्हनून त्याच्या डोस्क्यात सिनेमाच सिनेमा. तो म्हने आपन एक गोष्ट आठ सिनेमांत सांगू. युनिव्हर्स! तीन वीर — तांब्याच्या खदानीवाल्या मलाजखंडची तांबाबाई, जिले तांब्याच्या तारीतून दूरचं आयकू येते. हट्ट्याच्या बावडीचा राखनदार, तो बावडीवाला. अन् रामपायलीचा धानराजा. पयले तिघाइचे तीन वेगळे सिनेमे, चौथ्यात तिघं एकाठाई. मंग परत वेगळे, अन् आठव्यात सारे. हे वेगळे काहून? तर लोकाइनं हरेकाले वळखलं पायजे, जीव लावला पायजे, तवा एकाठाई आल्यावर मजा येते. अन् ज्याले एकटा तिसराच पाहाचा हाये, त्यालेही तो समजला पायजे. म्हंजे एकटाही उभा राह्यला पायजे, अन् बाकीच्याइचं वझंही उचललं पायजे. तुम्हीच सांगा, हे दोन काम एका शर्टाकडून होतात का? लग्नातही घालाचा अन् चिखलात धानाच्या रोवन्यालेही!

पन मानूस डोस्केबाज, खोटं काहून बोलू. बैठकीतल्या भिंतीवर त्यानं गेरूनं रकाने पाडले. आडवे तीन वीर, उभे आठ सिनेमे. हरेक रकान्यात दोनच गोष्टी — आत येताना कसा, बाहेर जाताना कसा. बावडीवाला तिसऱ्यात येताना रागीट, बाहेर जाताना रागीट पन शहाना. चौथ्यात येताना — जसा तिसऱ्यातून निंघला तसा. समजलं? याचा फायदा असा का चौथावाला डायरेक्टर तिसरा तयार व्हाची वाट पाहात बसत नाही. तो भिंत पाहाते, आत येतानाचं वाचते अन् आपलं काम चालू करते. दोघं एकाच महिन्यात काम करू शकतात. म्या चौथी शिकली हाये, पन ती भिंत पायली अन् म्हनलं, वा, हे तर आमचं काम! कमर तीस, बाही बावीस — आधी माप, मंग कैची. भिंत खरी असली का कापड बरोबर येते.

अन् भिंतीवर नसलेलं सारं माह्याकडे. हे पाहा, वर पाहा — त्या तीन दोऱ्या. तांबाबाईची, बावडीवाल्याची, धानराजाची. जे कपडे शिवले त्याचा एकेक तुकडा टोचून ठेवला हाये. जेवढ्या गाठी तेवढ्यावा सिनेमा. हा तीन गाठीचा, पाहा, कडेले जळला हाये, कारन तिसऱ्यात त्याच्या उजव्या खांद्याले मशाल लागली होती. मंग पुढं कोनत्याही सिनेमात तो उघड्या आंगानं आंघोळ करत असन, तर उजव्या खांद्याले डाग पायजे! डाव्या नाही! अन् एका शर्टाचे तीन शर्ट शिवा लागतात जी. एक कोरा, एक अर्धा फाटलेला, एक पूरा फाटलेला अन् मळलेला. काहून तर सिनेमा वरून खाली काढत नाही, आज शेवट काढतात अन् चार दिवसांनं सुरुवात. कोरा शर्ट फाडला का परत कोरा होत नाही. आता तुमच्या बाहीचंच पाहा.

तर पयल्या सिनेमापासून सांगते. पयला तांबाबाईचा. संपला, नावं सरकली — वेशभूषा दुर्गाबाई, हौ, मोठ्या अक्षरात, रामपायलीत माही बहीन सीता हर वेळी खुर्चीवरून उठून उभी राहाते जवा ते नाव येते, मांगचे शिव्या देतात तरी उठते — अन् नावं सरून झाल्यावर एक शेपूट. लोकाइले बसवून ठेवाले अन् पुढच्याची भूक लावाले. शेपटात बावडीवाला पायऱ्या चढून वर येते, अन् तांबाबाई त्याच्या मनगटाले तांब्याची तार बांधते अन् म्हनते, ही तार मीच सोडीन, ज्या दिवशी — अन् अंधार! लोक पागल. म्या शालिकरामले इचारलं, ज्या दिवशी काय? तो दाढी खाजवून म्हनते, पाहू ना दुर्गाबाई, अजून ठरलं नाही, पुढे पाहू. पुढे पाहू! कापड न पाहता ब्लाउजचा वादा केला त्यानं. शेपूट फुकटात काढता येते भाऊ, अर्ध्या घंट्यात. पन त्याचं वचन सात सिनेमे बसते ना छातीवर. धुरकटचंही तसंच — तो खलनायक. दुसऱ्याच्या शेपटात तो खुर्चीवर बसून हासला. तिसऱ्याच्याही शेपटात हासला. चौथ्यात हासला. काहून हासून राह्यला, त्याले पायजे काय, कोनालेच ठाऊक नाही, कारन लिवलंच नाही! मंधात पयला धुरकट रायपूरले निंघून गेला, दुसरा आनला, त्याचे खांदे दोन बोटं रुंद. म्या काळी घोंगडी शिवून देल्ली, मानेपासून खाली, कोनाले समजलं नाही. घोंगडीनं मानूस लपते. पन हासन्याचं कारन कायनं लपवू?

आता तिसरा अन् चौथा. इथून उसवाले लागलं. तिसरा बावडीवाल्याचा, डायरेक्टर अंकित. चौथ्याच्या डायरेक्टर पौर्णिमाबाई, त्या भोपाळहून शिकून आल्या, त्यात तिघं एकाठाई. दोन्ही एकाच महिन्यात, कारन लोकेश — बावडीवाला बनते ना तो लोकेश — त्याले तेवढाच महिना मोकळा. सकाळी अंकितकडे, दुपारी पौर्णिमाबाईकडे. आता झालं असं का एका सकाळी शेवटच्या सीनमध्ये लोकेशनं काय करावं, भिंतीवर नाही, कागदावर नाही — आपल्या भावाच्या खुन्याच्या समोर उभा राह्यला, काठी उचलली, अन् मांडीवर मोडून बावडीत फेकली. डोयातून पानी. पूरं युनिट काम सोडून पाहून राह्यलं. म्यायी सुई खाली ठेवली, अन् म्या कवाच सुई ठेवत नसते. अंकित म्हनला बस, हाच शेवट! बराबर हाये, असा शेवट कोन सोडील? पन भिंतीवर काय होतं — बाहेर जाताना रागीट. आता तो बाहेर निंघला राग टाकून, काठी मोडून. अन् त्याच दुपारी तोच लोकेश पौर्णिमाबाईकडे गेला, तिथं त्याच्या हातात काठी, अन् तो तांबाबाईवर खेकसून राह्यला, कारन चौथ्याचं भांडनच त्याच्या रागावर उभं! म्या धावत गेली. म्हनलं, बाई, याची काठी सकाळी मोडली, अन् रागही गेला. त्या भिंतीचा फोटो दाखवून म्हनतात, इथं तर रागीट लिवलं हाये. अंकितले म्हनलं, तो म्हनते, माह्या सिनेमात जे होते ते माह्यं. शालिकरामले म्हनलं, तो म्हनते — बिलकुल हेच शब्द — दुर्गाबाई, तुम्ही बटनं लावा.

लावली बटनं. मंग चौथा लागला अन् लोक वराडले, अरे, मागच्यात तर काठी मोडली होती! तवा धावपळ. पाठमोऱ्या सीनवर लोकेशचा आवाज परत भरला — पाठमोऱ्याचं हे बरं असते, तोंड दिसत नाही, कायबी बोलवता येते — अन् त्याच्या तोंडी टाकलं, नवी काठी केली म्या. चाला, काठी नवी केली. राग कोठून आनला? सांगा ना, राग कोन्या सुताराकडून आनला? वस्तूची जोड लावता येते भाऊ, म्या रोज लावते. मन शिवाले सुई नसते. ज्या मानसानं तिसऱ्यात माफ केलं, तो चौथ्यात परत तेच शिकाले बसला, म्हंजे तिसरा पाहनारा फुकटच रडला ना? माही सीता म्हने, बाई, तो नापास झाला का काय!

पानी पेता? माठातलं घ्या. ग्लास तिकडे. हौ, तुम्हीच उठा, माह्या दातात दोरा हाये.

आता लोकेश. त्याले वनरक्षकाची नौकरी लागली, बैहरकडे पोस्टिंग. इथं पोरगं बोलून गेलं का सुट्टी मिळनार नाही. अन् त्याचा करार होता चार सिनेमाइचा. तर भानगड अशी का पयल्याच्या शेपटात तो दिसला, तो सिनेमा धराचा का नाही? धरला तर शेपूट, तिसरा, चौथा अन् सहावा — चार झाले, खेळ खतम, आठव्यात लोकेश नाही. नाही धरला तर एक बाकी, आठव्यात येऊ शकते. शालिकराम म्हनला धरला. आठव्यात नसन तर सहाव्यात मारून टाकू, मेल्यावर दुःखाचा सातवा चांगला होते! लोकाइले वाटते मोठ्या इचारानं मारतात. अरे, इचारानं नाही, सुट्टीच्या अर्जानं मारतात. अन् इथंच म्या सांगते तुमाले, मले कोनी खरं मानलं नाही म्हनते ते — माप घेताना लोकेश माह्यापाशी बोलला. हात वर केलेला मानूस खरं बोलते, हा माह्या धंद्याचा अनुभव हाये. म्हनला, काकू, साहेब चांगले हायेत, मंडईनंतर आठ दिवस सोडतो म्हनतात, अन् शेपटाचं मले काही पडलं नाही, नका धरू, म्या आठवा करतो, मले त्या तारेचं काय होते ते पाहाचं हाये. म्या त्याच पायानं शालिकरामकडे गेली. सांगतलं. तो पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून राह्यला होता. म्हनला, दुर्गाबाई, करारात काय ते करारात, तुमाले पोरगं गमतीनं बोललं असन. लोकेशले फोन लावला का त्यानं? नाही लावला.

अन् लग्न! ते राह्यलंच. त्या पोरीच्या, अंजूच्या लग्नासाठी घरात चुना मारला. शालिकरामच्या बायकोनं पूरी बैठक पांढरीशुभ्र केली. भिंत भाऊ, भिंत! आठ सिनेमाइचे रकाने, तीन वीराइचं येनं-जानं, सारं युनिव्हर्स चुन्याखाली! तिले काय ठाऊक, पावन्यात गेरूचे रेघोटे बरे दिसत नाहीत. शालिकराम म्हनला काही हरकत नाही, पौर्णिमाबाईच्या मोबाइलमध्ये फोटो हाये. हाये ना, जुना! काठी मोडाच्या आधीचा!

मंग सातवा सहाव्याच्या आधी काढला. काहून तर धान. सातव्यात बावडीवाल्याच्या मागं सारे धानाच्या वावरात रडतात, अन् धान दिवाळीनंतर उभं राहात नाही तुमच्या डायरेक्टरसाठी. कापलं का कापलं, तुमच्या मामालेच इचारा. म्हनून पौर्णिमाबाईनं उभ्या धानात आधी सातवा काढून घेतला — बावडीवाला मेला हे धरून, कारन सहाव्यात तो मरनारच हाये. समजलं? मानूस जित्ता होता अन् आधी रडून घेतलं. मंग नोव्हेंबरात अंकित सहावा काढाले बसला. शालिकराम लग्नात. दोन डायरेक्टर, मंधात भिंत नाही, अन् भिंतवाला मांडवात.

तो मरनाचा दिवस. हट्ट्याची खरी बावडी तर शूटिंगले देत नाहीत, म्हनून एका वाडीतली जुनी पायऱ्याची विहीर घेतली. धुरकटचा मानूस सुरा मारते, बावडीवाल्याच्या छातीतून रगत येते, तो पायऱ्यावरून खाली जाते अन् पान्यात. त्यासाठी शर्टाच्या आत माहुराच्या, बाया पायाले लावतात त्या लाल रंगाची बारीक पिशवी शिवा लागते, वरून कच्चा टाका, सुरा टेकला का टाका तुटते, पिशवी फुटते. तीन शर्ट — एक पिशवीचा, एक रगत लागलेला, एक पूरा भिजलेला. लोकेशले एकच दिवस सुट्टी. अन् झालं काय, वाटेत जीपच्या धक्क्यानं पिशवी फुटली. सारा रंग सीटवर. आता काय करावं? अंकित डोकं धरून बसला, ऊन उतरून राह्यलं, लोकेशची गाडी पाच वाजता. मंग म्या आपलं असंच म्हनलं, सुरा तारीवर अडवा ना, मनगटावर तार हाये ना त्याच्या पयल्यापासून. लोकेशनं हात वर केला, सुरा तारीवर, खन्न! — अन् तो वाचला. अंकित नाचाले लागला. म्हनला, मरनापेक्षा हेच भारी! अन् शालिकरामले सांगतो म्हनला, अन् सांगतलं नाही, अन् पौर्णिमाबाईले तर नाहीच. अंकितचीच गलती म्हना ना. लिवा अंकित. पोरगं हाये, दुसऱ्याइचं काही आयकत नाही — पन लिवू नोका, थांबा. काठी मोडनारा अन् सुरा अडवनारा दुसरा कोन भेटनार इथं? कॅमेऱ्यामागचा त्याचा डोया राहू द्या, दुसऱ्या कोनाले काढा. त्या दिवशी तर बिचाऱ्यानं जे हातात होतं त्यातून केलं. तीन कोरे शर्ट होते, म्या आदल्या दिवशी कडक इस्तरी केलेले, त्यातून कोनी काय —

काय पाहून राह्यले असे? सुई टोचली का? म्हनलं ना म्या, पिशवी फुटली. जीपमध्ये. रंग सीटवर — बरं. बरं, तीन कोरे म्हनलं म्या. हौ, म्हनलं. कान तेज हायेत तुमचे, राइसमिलमध्ये राहूनही. रंग सांडला असता तर शर्ट कोरे कसे असते, हेच ना?

नाही शिवली पिशवी. हौ, नाही शिवली! माहुराचा रंग त्या डब्यात तसाच हाये, पाहा, झाकनही उघडलं नाही. करा काय कराचं ते. दीड वर्ष सांगतलं का शेपटात वचन देल्लं हाये — ही तार मीच सोडीन, ज्या दिवशी. ज्या दिवशी काय, ते कोनी सांगतलं नाही, पन एवढं तर समजते ना, का तार सोडाले हात लागते तांबाबाईचा अन् मनगट लागते जित्त्या मानसाचं! त्याले मारलं का ती तार कोनाची? मढ्याची सोडनार का ती? लोक सात सिनेमे त्या तारीकडे पाहून राह्यले, माही सीता दर वेळी इचारते, सोडली का गं तार? चौथ्यात त्याले परत रागीट केलं, म्या आयकून घेतलं. धुरकट तीन सिनेमे खुर्चीतून उठला नाही, म्या घोंगडी शिवली. पन एक धागा तर तडीले लागला पायजे! तो येतो म्हनते, सुट्टी हाये म्हनते, अन् हे लोक कागदापाई त्याले पान्यात ढकलून राह्यले. कोनी खरं मानत नाही तर तोंडानं काहून सांगू, हातानं सांगतलं. पिशवीच नाही तर मरन कुठून येते? एवढंच केलं म्या. सातवा काढून झाला हाये हे मले ठाऊक होतं. इस्तरी करताना ठाऊक होतं. खुंटीची शालही तर म्याच शिवली होती.

झाली बाही. बटन लावते अन् देते. तवरक आठवा कसा सुधरन ते लिवून घ्या, त्या कागदाच्या मागं लिवा, पुढं जागा ठेवा. सातवा परत काढाची गरज नाही. म्या त्याचा सारा कपडा पायला, म्हंजे सारा सिनेमा पायला. त्यात मढं कोनी पायलं नाही, फक्त शाल. मेला हा शब्द दोनदा येते — एकदा धानराजा पाठमोरा बसून म्हनते, तिथं आवाज बदला, म्हना का बावडीवाला सापडत नाही. दुसऱ्यांदा तांबाबाई तोंडावर म्हनते, तो एक सीन परत काढा, आता धान कापलं हाये ते दिसू देऊ नोका, तोंड जवळून घ्या, मांगं धानाच्या दोन-चार पेंढ्या उभ्या लावा. बस. अन् मंग पाहा गंमत! पाहनाऱ्याले ठाऊक का तो वाचला, हट्ट्यानं तर डोयानं पायलं. अन् तांबाबाईले ठाऊक नाही. ती रडून राह्यली अन् लोक पडद्यावर वराडतात, अगं रडू नोको, जित्ता हाये तो! हे त्याच्या मरनापेक्षा दसपट भारी. अन् आठव्यात ती त्याले पाहाते, अन् तार सोडते. काहून सोडते, ज्या दिवशी काय — ते लोकेशलेच इचारा. त्यानं तिसऱ्यात काठी मोडलीच हाये, आठव्यात ती नवीही टाकन, म्हंजे वचन असं — ज्या दिवशी तुह्या हातात काठी नसन, त्या दिवशी. पाहा, बसलं ना! भिंतीवर नव्हतं, पन कापडात होतं. तार डाव्या मनगटावर हाये, लक्षात ठेवा, अंकित उजव्यावर करन. बाही तीन बोटं वर दुमडा, म्हंजे तार दिसते. चार गाठीचा तुकडा पाहून रंग घ्या.

घ्या तुमचा शर्ट. घाला. कॉलर नीट करा, असं काय, मामाकडे जाता का बजारात? या तीन दोऱ्या उतरवते म्या, पौर्णिमाबाईले द्या, त्यांना समजन — अन् त्यांना म्हना, मोबाइलच्या फोटोवर नोका जाऊ, गाठी मोजा. शालिकरामले काढून जमत नाही, आठ सिनेमे डोस्क्यात ठेवनारा दुसरा मानूस या जिल्ह्यात नाही, फक्त त्याची भिंत सिमिटची करा. अंकित पायजे. लोकेशबिगर तार नाही. शालिकरामच्या बायकोचं तर नावही नोका घेऊ, घर पांढरं करनं गुन्हा नाही. तर कोन राह्यलं? बटन लावाले तर कोनीही भेटते. सीताले म्याच सांगीन, यावेळी उठू नोको, बसूनच पाहा.

काय पेन चावून राह्यले? निंघा आता, गिऱ्हाईक यायची वेळ झाली. अन् खाली पायरी तुटलेली हाये, पाहून उतरा. नाव? तुमाले अजून नाव पायजे? पुढची जागा ठेवली ना? मोठ्या अक्षरात लिवा, पडद्यावर येते तसं —

दुर्गाबाई.